जुन्या सरांकडे रेफरन्स मागायचाय, पण त्यांना अडचणीत न टाकता

*ताई, मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत साडेतीन वर्षं क्वालिटीला होतो, दोन वर्षांपूर्वी सोडली. आता दुसऱ्या एका ठिकाणी सिलेक्शन झाल्यात जमा आहे पण त्यांच्या एचआरने फॉर्म पाठवलाय, त्यात दोन रेफरन्स मागितलेत आणि त्यातला एक आधीचा रिपोर्टिंग मॅनेजरच पाहिजे म्हणे. 20 तारखेपर्यंत द्यायचाय. सर माणूस चांगले आहेत पण मी सोडताना नोटीस पिरियडवरून थोडी कुरबुर झाली होती, नंतर दिवाळीचे मेसेज सोडले तर बोलणं नाही. डायरेक्ट फोन करू का? त्यांना ऑकवर्ड पण व्हायला नको. आणि समोर हो म्हणून मग तिकडे वेगळंच काही बोलले तर?*
*— क्वालिटीवाला, भोसरी*

फोन नको करूस रे. निदान पहिला तरी नको.

तू फोन करशील तेव्हा सर लाईनवर उभे असतील, नाहीतर कस्टमरचा ऑडिट चालू असेल, नाहीतर गाडी चालवत असतील, आणि तू दोन मिनिटं घरच्यांची चौकशी करून मग मुद्द्यावर येणार. आपल्याकडे हाताखाली काम केलेल्या पोराला फोनवर तोंडावर नाही म्हणणारा साहेब विरळा. ते म्हणतील, "अरे दे की नाव, त्यात काय विचारायचं." तुला वाटेल काम झालं, आणि त्यांनी खरं तर विचारच केलेला नसेल, फक्त फोन ठेवायचा होता.

हे भिडेपोटीचं हो काय करतं ते मी फोनच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकलंय, कारण रेफरन्ससाठी फोन लावणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. आधी दोन दिवस फोन उचलला जात नाही. मग उचलला की "हो हो, होता आमच्याकडे, चांगला मुलगा आहे." काम कसं होतं? "चांगलं होतं." एखादं उदाहरण सांगाल? "आता एवढं डिटेलमध्ये नाही आठवत." आणि शेवटी एक प्रश्न बहुतेक सगळेच विचारतात, की संधी मिळाली तर त्याला परत घ्याल का. तिथे जी दोन सेकंदांची शांतता पडते ना, ती आम्हाला बरोब्बर ऐकू येते. आम्ही 'वाईट' असं लिहीत नाही, 'रेफरन्स साधारण' असं लिहितो. समोर तोडीस तोड दुसरा कॅंडिडेट असला तर तेवढ्यावर पारडं फिरतं.

म्हणून तुझी भीती थोडी चुकीच्या जागी आहे. मुद्दाम वाईट बोलणारे मॅनेजर मी फारच कमी ऐकलेत, त्यांनाही कशाला नसती भानगड. नुकसान होतं ते कोमट बोलण्याने. ज्याला मनापासून बोलायचं नाहीये त्याला आत्ताच, तुझ्याजवळच, न लाजता बाहेर पडता आलं पाहिजे, म्हणजे तो नंतर आमच्या फोनवर चाचपडणार नाही. तुझा मेसेज त्यासाठी लिहायचा.

पण मेसेजच्या आधी फॉर्म नीट उघडून बघ. बऱ्याच फॉर्ममध्ये मॅनेजरचं नाव दोन ठिकाणी असतं आणि पोरं दोन्ही एकच समजतात. एक असतं नोकरीच्या हिस्टरीत, कंपनी, जॉइनिंगची तारीख, सोडल्याची तारीख, पद, रिपोर्टिंग कोणाला. ती माहिती आहे, ती खरी भरायचीच, आणि ती तपासणारी व्हेरिफिकेशन एजन्सी सहसा कंपनीच्या एचआरला मेल टाकून तारखा, पद आणि व्यवस्थित रिलीव्ह झाला का एवढं विचारते. त्याला सरांची परवानगी लागत नाही. दुसरं असतं रेफरन्सचं, जिथे नाव, मोबाईल, ईमेल आणि ओळख किती वर्षांची हे मागतात. परवानगी लागते ती इथे. सर नाही म्हणाले तरी हिस्टरीत त्यांचं नाव राहणारच, आणि ते तुला माहीत असलं की तूही उगाच घाबरणार नाहीस की आता हे नाव लपवायचं कसं.

दुसरं म्हणजे सरांना विचारायच्या आधी पर्यायी नाव पक्कं कर. खरोखर पक्कं. तिथे तू आणखी कोणाला रिपोर्ट केलं होतंस का? सरांच्या आधीचे मॅनेजर, किंवा ज्यांच्याबरोबर सहा महिने एखादं नवीन पार्ट डेव्हलप केलंस ते प्रॉडक्शनचे हेड, ज्यांनी तुझं काम रोज बघितलंय असं कोणीतरी. त्यांनाही याच पद्धतीने विचार, फक्त "लागलं तरच तुमचं नाव देईन" एवढं जोडून. आणि नवीन कंपनीच्या एचआरला एक साधा प्रश्न विचारून ठेव, की मॅनेजर उपलब्ध नसले तर त्याच कंपनीतले दुसरे सिनियर चालतील का. बहुतेक ठिकाणी चालतात, पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नकोस. हे आधी का, तर खिशात दुसरं नाव नसलं की तुझ्या मेसेजला काकुळतीचा वास येतो, आणि तो वास आला की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं.

आता मेसेज. लोक काय करतात ते आधी सांगते. "हाय सर, कसे आहात? खूप दिवसांनी आठवण आली" असं पाठवून थांबतात. सर बिचारे "मजेत, तू कसा आहेस" म्हणतात. मग पुन्हा "मजेत सर, एक छोटंसं काम होतं." इथे सरांच्या पोटात गोळा, की पैसे मागतोय की नोकरी मागतोय. ते "बोल ना" म्हणतात, आणि "बोल ना" म्हटल्यावर ते अर्धे अडकलेलेच असतात. मग येतं, "सर तुमचं नाव रेफरन्सला दिलंय, चालेल ना? प्लीज सर, तुमच्यावरच सगळं आहे." म्हणजे नाव देऊन मोकळा, वर ओझंही त्यांच्याच डोक्यावर.

सगळं एका मेसेजमध्ये घाल, म्हणजे त्यांना वाचून, फोन बाजूला ठेवून, घरी जाऊन विचार करता येईल. असं काहीतरी:

> नमस्कार सर, मी चाकण प्लांटला मशीन शॉप क्वालिटीला तुमच्याकडे होतो. एक विचारायचं आहे, घाई नाही, सवडीने वाचा.
>
> एका कंपनीत (खाली नाव देतो) सिनियर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी माझं सिलेक्शन शेवटच्या टप्प्यात आहे. त्यांना आधीच्या मॅनेजरचा रेफरन्स हवा आहे. 20 तारखेनंतर त्यांच्या एचआरचा एक फोन येईल, साधारण 10-15 मिनिटांचा. माझं काम कसं होतं, कस्टमर कंप्लेंट कशा हाताळायचो, टीममध्ये कसा होतो असं विचारतील. लेखी काही द्यावं लागणार नाही.
>
> तुमचं नाव देऊ का? तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत बसत नसेल, किंवा सध्या कामाच्या गडबडीत जमण्यासारखं नसेल, तर फक्त "नको" एवढं कळवलंत तरी चालेल, कारण सांगायची गरज नाही. माझ्याकडे दुसरं एक नाव तयार आहे, त्यामुळे काम अडणार नाही.
>
> 17 तारखेच्या संध्याकाळपर्यंत तुमचा मेसेज नाही आला तर मी ते दुसरं नाव देईन, पुन्हा आठवण करून त्रास देणार नाही. सध्याच्या कंपनीत अजून सांगितलेलं नाही, तेवढं आपल्यातच ठेवा.

खाली कंपनीचं नाव आणि तुझं नाव. 'लेखी काही नाही' ही ओळ लिहायच्या आधी मात्र नवीन एचआरला विचार, कारण काही ठिकाणी फोन न करता ईमेलवर लिंक जाते आणि एक फॉर्म भरायचा असतो. तसं असेल तर तसंच लिही. फोन म्हणून हो मिळवलंस आणि पाठोपाठ दोन पानी फॉर्म गेला की तुझीच इज्जत जाते.

कंपनीचं नाव लपवू नकोस. तुमच्या लाईनमध्ये चाकण, भोसरी, रांजणगाव सगळे एकमेकांना ओळखतात, आणि तू जिथे चाललायस ती कंपनी सरांच्या कंपनीची कस्टमर असू शकते, नाहीतर थेट कॉम्पिटिटर. तसं असेल तर सरांना खरोखरच बोलता येणार नाही, आणि हे त्यांना फोन आल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. ही भीती तुला आधीच असेल तर नाव सांगण्यापेक्षा सरळ दुसऱ्या माणसाला विचार.

आता त्या मधल्या परिच्छेदाबद्दल, कारण सगळी गंमत तिथे आहे. नाही म्हणायला मी त्यांना जी कारणं हातात दिलीत ती बघ, पॉलिसी आणि गडबड. दोन्ही तुझ्याबद्दल काहीच बोलत नाहीत. पुष्कळ लोक चांगुलपणाने लिहितात, "सर तुम्हाला माझ्याबद्दल चांगलं सांगता येत नसेल तर मोकळेपणाने सांगा." वाचायला किती समंजस! पण आता नाही म्हणायचं तर सरांना अप्रत्यक्षपणे कबूल करावं लागतं की हो, तुझ्याबद्दल माझं मत बरं नाही. ते कोण कबूल करणार? म्हणून ते हो म्हणतात. पॉलिसीचं कारण खोटंही नसतं, अनेक कंपन्यांत मॅनेजरने वैयक्तिक रेफरन्स द्यायचा नाही, एचआरनेच फक्त तारखा आणि पद कन्फर्म करायचं असा नियम असतो, आणि सरांच्या कंपनीत असला तर त्यांनाही ते सांगायला बरं वाटेल.

आणि पर्यायांची रांग लावू नकोस. "बोलणं जमत नसेल तर दोन ओळी ईमेल, तेही नसेल तर लिंक्डइनवर एक रेकमेंडेशन, निदान एवढं तरी" असं लिहिलं की तुला वाटतं मी सोपं करतोय, पण होतं उलटं. पहिल्याला नाही म्हटलं तर दुसरं उभं, दुसऱ्याला म्हटलं तर तिसरं, माणसाला कुठे ना कुठे हो म्हणणं भाग पडतं. एक मागणं, एक बाहेरचा दरवाजा, बस.

तारखेचं गणित पण मुद्दाम आहे. तुझी शेवटची तारीख 20, त्यांना दिलीय 17, मधले तीन दिवस तुझे, दुसऱ्या नावाची माहिती भरायला. मेसेज किमान चार-पाच दिवस आधी, म्हणजे 12-13 च्या आसपास जाऊ दे. 19 च्या रात्री मागितलेला रेफरन्स म्हणजे नुसती विनंती राहत नाही, धरणं होतं. आणि गप्प बसणं म्हणजे नाही असं तू स्वतःच लिहिलंयस, तेव्हा निळी टिक दिसली आणि उत्तर नाही म्हणून 16 ला "सर बघितलंत का?" करू नकोस. तो शब्द पाळ, नाहीतर वरचं सगळं फुकट.

व्हॉट्सॲपवरच पाठव, दिवाळीचे मेसेज तिथेच जातात ना तुमचे. त्यांच्या ऑफिसच्या ईमेलवर मात्र अजिबात नको, तो मेलबॉक्स कंपनीचा असतो, आणि उगाच सोडून गेलेल्या माणसाच्या नोकरीचा विषय तिथे त्यांच्या नावावर का पडावा.

नोटीस पिरियडच्या कुरबुरीचं काय हे तू विचारलं नाहीस पण मनात तेच असणार. या मेसेजमध्ये तो विषय काढू नकोस. "तेव्हा जे झालं त्याबद्दल सॉरी सर, आणि आता रेफरन्स" हे एकत्र आलं की सॉरीची किंमत शून्य होते, ती लाच वाटते. सॉरी म्हणायचंच असेल तर हे सगळं आटपल्यावर, काही मागायचं नसताना म्हण. आणि खरं सांगू, साडेतीन वर्षांत तुझ्यासारख्याने कस्टमरच्या लाईनवर जाऊन रात्रभर रिजेक्टेड माल सॉर्टिंग केला असेल, एट-डी रिपोर्ट रात्री बसून पूर्ण केले असतील, सरांना ते आठवत असेल तर नोटीस पिरियडच्या त्या कुरबुरीमुळे ते विसरणार नाहीत. आणि आठवत नसेल, किंवा ती कुरबुरच आठवत असेल, तर ते नाही म्हणतील आणि ते तुझ्या भल्याचंच आहे.

उत्तर आलं की ते नीट वाच. "नक्की, कोणती पोस्ट आहे, कधी फोन येईल, मी त्यांना काय सांगू?" असं उलट विचारलं तर ते खरं हो, निर्धास्त नाव दे. "हो चालेल, दे" एवढंच आलं तर बहुतेक वेळा ठीक असतं, साहेब लोक थोडक्यातच लिहितात, तुला त्यांची सवय माहीत असेल. पण "बघू", "एचआरला विचारावं लागेल", "तसं फार दिवस झाले रे, पण दे हवं तर" हे सगळे नाहीचे प्रकार आहेत. विशेषतः ते 'हवं तर'. तिथे तूच दार उघड: "काही हरकत नाही सर, मी दुसरं नाव देतो, उत्तर दिलंत हेच खूप." पुढे काही नाही. का, कशाला, माझं काय चुकलं का, काही नाही. तू असं सोडलंस आणि त्यावर ते स्वतःहून म्हणाले "अरे नाही, दे माझं नाव, फक्त तारखा आठवत नव्हत्या" तर मग ते पक्कं.

हो आलं की मगच पुढच्या गोष्टी. कोणता नंबर, कोणता ईमेल द्यायचा ते त्यांनाच विचार, कारण काही एजन्सी जीमेलचा पत्ता घेत नाहीत, ऑफिसचाच मागतात, आणि तो द्यायचा की नाही हे सरांनी ठरवायचं, तू परस्पर भरायचा नाही. मग एक छोटा मेसेज, फोनवर एका स्क्रीनमध्ये मावेल एवढाच: कधीपासून कधीपर्यंत होतो, पद काय होतं, कोणती लाईन बघायचो, आणि दोन कामं जी त्यांनी स्वतः बघितलीत. समज एका पार्टच्या बोअरच्या साईझवरून कस्टमरची सारखी कंप्लेंट यायची आणि शेवटी कारण निघालं फिक्स्चरच्या झिजलेल्या पिनमध्ये, ते शोधताना तू होतास, तर तेवढं एका वाक्यात. हे त्यांना पढवणं नाही, आठवण करून देणं आहे. दोन वर्षांत त्यांच्या हाताखालून बरीच पोरं गेली असतील. "हे असं असं सांगा सर" असं मात्र चुकूनही लिहू नकोस, आणि त्यांनी न बघितलेलं काम त्यात घुसडू नकोस.

त्यातच एक ओळ, की सोडण्याचं कारण तू नवीन कंपनीला काय सांगितलंयस. कारण हा प्रश्न हमखास येतो, आणि तू म्हणालास ग्रोथसाठी सोडली आणि सर म्हणाले घरचं काहीतरी होतं म्हणून लवकर गेला, तर खोटं कोणीच बोललेलं नसतं तरी आमच्या कागदावर प्रश्नचिन्ह पडतं. खरं असेल तेच सांग, दोन्हीकडे एकच.

एचआरने फोन कधी करणार हे सांगितलं की सरांना कळव, शक्य असेल तर नंबरसकट. हे फोन बऱ्याचदा अनोळखी लँडलाईनवरून येतात, स्क्रीनवर स्पॅम म्हणून लाल रंगात दिसतात, आणि लोक कर्जवाल्यांचा फोन समजून कट करतात. मग आमच्याकडे 'संपर्क झाला नाही' अशी नोंद जाते आणि तू तिकडे विचार करत बसतोस की सर टाळतायत की काय.

निकाल काहीही लागो, लागला त्या दिवशी सरांना एक ओळ टाक, ते दोन महिन्यांनी दुसऱ्या कोणाकडून त्यांच्या कानावर जायला नको. आणि फॉर्म भरताना सरांचं पद आत्ताचं लिही, तू होतास तेव्हाचं नाही. ते मॅनेजरचे आता प्लांट क्वालिटी हेड झाले असतील तर तेच लिहायचं, त्यांच्या लिंक्डइनवर एकदा बघून घे.